बायर म्हणतो पाठवले, ब्रँच म्हणते आले नाहीत: डॉलरचं पेमेंट नक्की कुठे अडकलंय ते कसं शोधायचं

बेदाण्याचा सीझन सुरू झाला की सांगली-तासगाव भागातून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो. तक्रार दरवेळी एकच असते: दुबईच्या बायरने पैसे पाठवले, त्याच्या खात्यातून गेलेसुद्धा, त्याने स्क्रीनशॉट पाठवला, आणि इकडे ब्रँचमधला माणूस म्हणतो की आमच्याकडे काहीच दिसत नाही. आठवडा जातो, मग पैसे येतात, आणि आले तरी 30-40 डॉलर कमीच. मग बायरला फोन, भांडण, तो म्हणतो मी पूर्ण पाठवले, तुम्ही म्हणता पूर्ण आले नाहीत, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

आधी एक गैरसमज काढून टाका. दुबईहून तासगावला डॉलर येत नाहीत, ते भारतात येतच नाहीत. डॉलरमधलं पेमेंट म्हणजे शेवटी अमेरिकेतल्या बँकांच्या वह्यांमधल्या नोंदी, बायर दुबईत बसलेला असो नाहीतर सिंगापूरला. तुमच्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या एखाद्या मोठ्या बँकेत डॉलरचं खातं असतं, जसं तुमचं ब्रँचमध्ये करंट अकाउंट असतं तसंच. तुमच्या बँकेच्या दृष्टीने ते नोस्ट्रो, आणि न्यूयॉर्कच्या बँकेच्या दृष्टीने तेच खातं व्होस्ट्रो, म्हणजे खातं एकच, कोण बोलतंय त्यावर नाव ठरतं. दुबईच्या बँकेचंही असंच एक खातं न्यूयॉर्कमध्ये असतं, बहुतेक वेळा दुसऱ्याच बँकेत. आणि ज्या बँकेत ही खाती असतात तिला करस्पॉन्डंट म्हणतात.

आता 18,400 डॉलरचं इनव्हॉइस धरून एक पेमेंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. दुबईची बँक बायरच्या खात्यातून 18,400 काढते, वर स्वतःचा चार्ज लावते. मग ती न्यूयॉर्कमधल्या आपल्या करस्पॉन्डंटला, त्याला आपण 'क' म्हणू, स्विफ्टवर, म्हणजे बँकांच्या आपसातल्या मेसेजच्या जाळ्यावर, मेसेज पाठवते की माझ्या खात्यातून 18,400 घ्या आणि अमुक बँकेच्या या ग्राहकाला द्या. 'क' दुबईच्या बँकेच्या खात्यातून 18,400 काढतो, 25 डॉलर स्वतःला ठेवतो आणि 18,375 तुमच्या बँकेच्या करस्पॉन्डंटला, तो 'ख', न्यूयॉर्कमधल्याच चिप्स किंवा फेडवायर या सिस्टिममधून देतो. 'ख' आपले 15 डॉलर कापतो आणि तुमच्या बँकेच्या नोस्ट्रो खात्यात 18,360 जमा करतो, आणि तुमच्या बँकेला पुढचा मेसेज देतो. बस, डॉलरचा प्रवास इथेच संपला. पुढे तुमच्या बँकेच्या मुंबईच्या फॉरेक्स सेलला ती जमा दिसते, ते स्वतःच्या पुस्तकात नोस्ट्रोच्या आरशातल्या खात्याला नोंद करतात (याला मिरर अकाउंटच म्हणतात) आणि तुम्हाला रुपये देतात. ते रुपये बँकेच्या खिशातले, डॉलर राहिले न्यूयॉर्कला बँकेच्या नावावर. क आणि ख योगायोगाने एकच बँक निघाली तर मधला चिप्स-फेडवायरचा टप्पाच नसतो, एकाच बँकेच्या वहीत इकडचं तिकडे होतं आणि कापाकापीही सहसा एकदाच होते.

हे डोक्यात बसलं की ब्रँचवाल्याचं उत्तर कळायला लागतं. तो "आले नाहीत" म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा अर्थ दोनपैकी काहीतरी एक असतो: मेसेज आला नाही, किंवा मेसेज आलाय पण नोस्ट्रोला जमा दिसत नाही. ह्या दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि दोन्हीचे उपाय वेगळे, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की साहेब, मेसेज नाही की फंड्स नाहीत? नव्वद टक्के लोक हा प्रश्न न विचारता बायरला शिव्या घालत बसतात.

मेसेज आणि पैसा वेगवेगळे कसे काय येऊ शकतात, असं वाटेल. वर मी सांगितलेली पद्धत साखळीची होती, म्हणजे मेसेज आणि पैसा दोन्ही एकाच रस्त्याने, बँकेमागून बँक, असे येतात. दुसरी पद्धत कव्हरची. तिच्यात दुबईची बँक तुमच्या बँकेला थेट मेसेज टाकते (जुन्या भाषेत एमटी 103) की अमुक ग्राहकाला 18,400 द्या, आणि पैसा मात्र वेगळ्या मेसेजने (एमटी 202 कव्हर) न्यूयॉर्कमार्गे पाठवते. मेसेज काही मिनिटात मुंबईला पोचतो, पैसा त्याच्या वेळेने. मधल्या काळात तुमच्या बँकेच्या स्क्रीनवर तुमचं नाव दिसतंय, रक्कम दिसतेय, पण नोस्ट्रोला जमा नाही, त्यामुळे बँक रुपये देत नाही, आणि देऊही नये, कारण पैसे आले नाहीत तर ते बँकेच्या अंगावर पडतील. कव्हरचा फायदा असा की मधल्या बँका सहसा मूळ रकमेला हात लावत नाहीत. पण थेट मेसेज पाठवायला दोन बँकांनी एकमेकांना स्विफ्टवर आधी परवानगी दिलेली असावी लागते, ती नसेल तर साखळीशिवाय पर्याय नाही. छोट्या बँकांच्या बाबतीत बहुतेक वेळा साखळीच असते.

आता शोधायला कसं लागायचं. बायरकडून त्याच्या नेट बँकिंगचा स्क्रीनशॉट घेऊन काही उपयोग नाही. त्यात "प्रोसेस्ड" लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या खात्यातून पैसे कापले गेले, बँकेने मेसेज बाहेर पाठवला का ते त्यावरून कळत नाही. त्याला सांगा की बँकेकडून स्विफ्ट कॉपी आण. दुबईच्या ट्रेडरना हा शब्द नीट माहीत असतो, नखरे करत नाहीत. त्या कॉपीवर सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे यूईटीआर, 36 अक्षरांचा एक लांबलचक नंबर, असा दिसतो:

```
UETR: 7c1e0a52-3b9d-4f06-9a47-d2c85e61b0f3
```

2018 च्या नोव्हेंबरपासून स्विफ्टवरच्या अशा प्रत्येक पेमेंटला हा नंबर लावावाच लागतो, आणि पहिल्या बँकेपासून शेवटच्या बँकेपर्यंत तो बदलत नाही. बाकीचे रेफरन्स नंबर प्रत्येक बँक आपापले टाकते, त्यामुळे दुबईच्या बँकेचा रेफरन्स घेऊन तुम्ही ब्रँचमध्ये गेलात तर त्यांना खरंच काही सापडत नाही, टाळत नसतात बिचारे. तिसऱ्या तुकड्याची सुरुवात 4 ने झालेली दिसेल, तिथे दुसरंच काही असेल तर टाइप करताना चूक झालीय किंवा कोणीतरी वेगळाच नंबर दिलाय. नंबर व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नका, कॉपी-पेस्ट करून ईमेलने पाठवा, 36 अक्षरं हाताने टाइप करताना कोणीही चुकतं.

हा नंबर ब्रँचच्या काउंटरवर देऊन भागणार नाही. ब्रँचकडे बहुतेक वेळा स्विफ्टची स्क्रीनच नसते. त्यांना सांगायचं की हा फॉरेक्स सेलला किंवा ट्रेड फायनान्सला पाठवा आणि ट्रॅकरवर स्टेटस बघून मला कोड कळवा. "प्रोसेसमध्ये आहे" असं तोंडी उत्तर घेऊ नका, कोड मागा, कारण खरी माहिती कोडमध्येच असते. `ACCC` म्हणजे ग्राहकाच्या खात्यात जमा झाले, `RJCT` म्हणजे नाकारलं, हे दोन सोपे. घोटाळा `ACSP` मध्ये आहे, म्हणजे चालू आहे, आणि त्याच्या पुढे अजून एक कोड असतो, तो बघायचा. `G000` असेल तर त्या बँकेने पेमेंट पुढच्या बँकेकडे दिलंय. `G001` म्हणजे पुढे दिलंय पण पुढची बँक ट्रॅकिंगमध्ये नाही, त्यामुळे तिथून पुढचा माग लागेलच असं नाही. `G002` म्हणजे आज जमा होईलच असं नाही. `G003` म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कागदपत्रं हवीत. `G004` म्हणजे मेसेज आलाय, फंड्सची वाट बघतोय, म्हणजे वर सांगितलेली कव्हरची भानगड.

माझ्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये `G003` सगळ्यात जास्त, आणि गंमत म्हणजे त्यात अडलेला माणूस बायरशी भांडत असतो आणि पैसे त्याच्याच बँकेत त्याच्याच सहीची वाट बघत पडलेले असतात. डॉलर नोस्ट्रोला जमा झाले, पण पैसे कशाचे आहेत हे बँकेला कळल्याशिवाय ती रुपये देऊ शकत नाही, फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा आहे. तिला तुमच्याकडून डिस्पोजल इन्स्ट्रक्शन लागतात: पर्पज कोड, इनव्हॉइस, शिपिंग बिलाचा नंबर, आणि कुठल्या खात्याला टाकायचं. माल आधी गेलाय आणि आता बिलाचे पैसे आलेत की हे ॲडव्हान्स आहेत त्यावर कोड बदलतो, ॲडव्हान्सला `P0103`. बँक यासाठी ईमेल पाठवते, तो खातं उघडताना दिलेल्या ईमेलवर जातो, आणि तो ईमेल बरेचदा जुन्या अकाउंटंटचा असतो जो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. हसू नका, आजच बँकेत जाऊन कुठला ईमेल नोंदवलाय बघून या.

आता एक कॅलेंडर बघा, म्हणजे कोणाचीही चूक नसताना आठवडा कसा जातो ते कळेल. 2026 चा फेब्रुवारी घ्या. बायरने 13 तारखेला, शुक्रवारी, दुपारी बँकेला इन्स्ट्रक्शन दिल्या. दुबईत शुक्रवार अर्धा दिवस असतो (2022 पासून तिकडे शनिवार-रविवार सुट्टी), त्यामुळे त्या दिवशीचा कट-ऑफ हुकला. 14, 15 शनिवार-रविवार. सोमवारी 16 ला दुबई चालू, मुंबई चालू, पण फेब्रुवारीतला तिसरा सोमवार अमेरिकेत प्रेसिडेंट्स डे, फेडची सुट्टी, म्हणजे डॉलर सेटल होणारच नाहीत, कितीही फोन करा. मंगळवारी 17 ला न्यूयॉर्कमध्ये नोस्ट्रोला जमा झाले, पण त्यांचा दिवस संपेपर्यंत आपल्याकडे बुधवारची पहाट झाली. बुधवारी सकाळी फॉरेक्स सेलने नोस्ट्रोचं स्टेटमेंट बघितलं, जमा सापडली, तुम्हाला ईमेल टाकला की कागद द्या. तुम्ही दिवसभर मार्केट यार्डात, संध्याकाळी ईमेल बघून कागद पाठवले, तोपर्यंत त्या दिवसाचं काम बंद. गुरुवारी 19 ला शिवजयंती, महाराष्ट्रात बँका बंद. शुक्रवारी 20 ला रुपये जमा. पाठवल्यापासून बरोब्बर आठवडा, आणि त्यातला एकच दिवस असा होता जो तुमच्या हातात होता, बुधवार. कागद आधीच देऊन ठेवले असते, किंवा सकाळी ईमेल बघितला असता, तर बुधवारीच पैसे खात्यात. म्हणून मी सांगतो की बायरची स्विफ्ट कॉपी हातात आली की त्याच दिवशी ती, इनव्हॉइस आणि पर्पज कोडचं पत्र असं सगळं ब्रँचला देऊन टाका, पैसे यायची वाट बघू नका. सुट्ट्या बघताना तीन कॅलेंडरं बघायची, दुबईचं, आपलं, आणि न्यूयॉर्कचं. डॉलर आहे तोपर्यंत न्यूयॉर्कची सुट्टी ही तुमचीही सुट्टी.

आता पैसे कमी का आले. स्विफ्ट कॉपीतच उत्तर असतं, फक्त बायरकडची कॉपी आणि तुमच्या बँकेकडची कॉपी वेगळी असते हे लक्षात घ्या. बायरची कॉपी साखळीच्या सुरुवातीची, त्यात कापाकापी अजून झालेलीच नसते, म्हणून तो छातीठोकपणे पूर्ण पाठवले म्हणतो. तुमच्या बँकेला शेवटी जो मेसेज आला त्याची कॉपी मागा, त्यात हे दिसेल:

```
:32A:260217USD18360,00
:33B:USD18400,00
:71A:SHA
:71F:USD25,00
:71F:USD15,00
```

`33B` म्हणजे बायरने सांगितलेली रक्कम, `32A` म्हणजे तारीख आणि खरोखर पोचलेली रक्कम, आणि `71F` च्या प्रत्येक ओळीत कुठल्यातरी एका बँकेने कापलेले पैसे. 18,400 मधून 25 आणि 15 गेले, 18,360 राहिले, हिशेब जुळला. `71A` मध्ये `SHA` आहे, म्हणजे बायर फक्त त्याच्या बँकेचा चार्ज भरणार आणि पुढचं सगळं तुमच्या रकमेतून. 2025 च्या नोव्हेंबरपासून बँकांमधले हे मेसेज नव्या एक्सएमएल पद्धतीत गेलेत, त्यामुळे काही बँका कॉपी त्या रूपात देतात, घाबरू नका, त्यात `InstdAmt` म्हणजे सांगितलेली रक्कम, `IntrBkSttlmAmt` म्हणजे पोचलेली, `ChrgsInf` मध्ये कापलेले पैसे, आणि `SHA` च्या जागी `SHAR`.

उपाय म्हणून लोक सांगतात की बायरला `OUR` लावायला सांगा, म्हणजे सगळे चार्जेस त्याचे. बरोबर आहे, त्यात मधल्या बँकेने रक्कम न कापता चार्ज मागच्या बँकेकडून वसूल करायचा असतो. पण अमेरिकेतल्या बँका `OUR` असूनही कधी कधी कापतात, त्यामुळे शंभर टक्के हमी धरू नका. मी तरी बायरशी रकमेचं बोलणं ऑर्डरच्या वेळीच करून घ्या म्हणतो, इनव्हॉइसवर स्वच्छ लिहा की भारताबाहेरचे सगळे बँक चार्जेस बायरचे, `OUR` लावा. आणि तरीही 30-40 डॉलर गेले तर तुमच्या बँकेला लेखी सांगा की फरक फॉरेन बँक चार्जेस म्हणून दाखवा, नाहीतर शिपिंग बिल 18,400 चं आणि आलेले 18,360, तो 40 डॉलरचा फरक रिझर्व्ह बँकेच्या एक्स्पोर्टच्या सिस्टिममध्ये येणं बाकी म्हणून लटकत राहतो आणि वर्षाने कुठेतरी नोटीस घेऊन येतो.

इथे एक मनातलं बोलतो. लोक 40 डॉलरसाठी महिनाभर भांडतात आणि रेट विचारतच नाहीत. हिशेब सोपा जावा म्हणून बाजारात डॉलर 90 रुपये धरा, आणि बँकेने तुम्हाला 89.60 दिला. 40 पैशांचा फरक, 18,360 डॉलरवर 7,344 रुपये. ज्या 40 डॉलरसाठी भांडण चाललंय ते 3,600 रुपये. शिवाय रुपयात बदलण्यावर जीएसटी लागतो, तो पूर्ण रकमेवर नाही तर ठरवून दिलेल्या एका छोट्या मूल्यावर 18 टक्के, या रकमेला साधारण 1,100 रुपये येतो, तो खरा कर आहे, त्यावर वाद घालू नका. पण रेटवर घाला. मोठी रक्कम असेल तर डिस्पोजल देण्याआधी ब्रँचला ट्रेझरीचा रेट मागा, न मागणाऱ्याला कार्ड रेट, म्हणजे बँकेचा सगळ्यांसाठीचा छापील रेट, लागतो आणि तो नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो.

कधी कधी उशीरही नाही आणि कापाकापीही नाही, पैसे सरळ गायब. त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बायरला दिलेला बँकेचा तपशील. आपल्याकडे बऱ्याच जणांचं मुख्य खातं जिल्ह्यातल्या सहकारी बँकेत किंवा नागरी बँकेत असतं, आणि तिचं न्यूयॉर्कमध्ये नोस्ट्रो नसतं, कित्येकदा फॉरेक्सचं लायसन्सही नसतं. अशा बँका मुंबईच्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत काम करतात, म्हणजे डॉलर मोठ्या बँकेच्या नोस्ट्रोला येणार, मोठी बँक ते छोट्या बँकेच्या खात्यात देणार, छोटी बँक तुम्हाला. एक पायरी जास्त. आता बायरने मोठ्या बँकेचा स्विफ्ट कोड टाकला आणि खाते नंबर तुमचा छोट्या बँकेचा टाकला तर मोठ्या बँकेला हा नंबर आपल्याकडे सापडतच नाही. पैसे तिच्या सस्पेन्स खात्यात जाऊन बसतात, तुमची छोटी बँक खरंच म्हणते की आमच्याकडे काही नाही, आणि काही दिवसांनी मोठी बँक ते परत पाठवते, पुन्हा त्याच साखळीतून, पुन्हा चार्ज कापत. म्हणून तुमच्या बँकेकडून डॉलर मागवण्यासाठीच्या लेखी इन्स्ट्रक्शन मागा, लेटरहेडवर, चालू तारखेच्या. त्यात न्यूयॉर्कची करस्पॉन्डंट बँक, मधली बँक, आणि तुमचं नाव-खातं कुठल्या रकान्यात टाकायचं हे सगळं असतं. जुनी पीडीएफ बायरला फॉरवर्ड करू नका, बँका करस्पॉन्डंट बदलतात, आणि बंद झालेल्या नोस्ट्रोला पाठवलेले पैसे आठवडाभर फिरून परत जातात. युरोचा करस्पॉन्डंट वेगळा आणि डॉलरचा वेगळा, हेही लक्षात असू द्या.

स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवं-सहावं अक्षर देशाचं, भारतीय बँकेचं `IN` असलंच पाहिजे. कोणीतरी आयएफएससीच स्विफ्ट कोड म्हणून दिलेला असतो, तोही अकरा अक्षरांचा, त्यामुळे चटकन कळत नाही, पण त्यात पाचवं अक्षर शून्य असतं. एवढं बघितलं तरी निम्म्या चुका जागेवर पकडल्या जातात. आणि पत्ता: नोव्हेंबर 2026 पासून पत्ता सगळा एकाच ढिगात टाकलेला चालणार नाही, गाव आणि देश वेगळ्या रकान्यात लागतील, तेव्हा बायरला तुमचा पत्ता आत्तापासूनच तसा सुटा करून द्या.

पैसे न्यूयॉर्कमध्येच थांबले तर बहुतेक वेळा तपासणी असते. अमेरिकन बँका प्रत्येक पेमेंटमधली नावं निर्बंधांच्या यादीशी जुळवून बघतात, बायरच्या नावासारखं नाव यादीत असेल, किंवा मेसेजमध्ये जहाजाचं किंवा एखाद्या बंदराचं नाव असेल, की पेमेंट बाजूला पडतं आणि माणूस बघतो. मग ते प्रश्न विचारतात, पण प्रश्न थेट तुम्हाला येत नाही, तो 'क' कडून दुबईच्या बँकेला, तिथून बायरला, आणि उत्तर त्याच रस्त्याने उलटं. प्रत्येक बँक फक्त शेजारच्या बँकेशी बोलते. म्हणून अशा वेळी तुमच्या ब्रँचला दम देऊन उपयोग नाही, बायरने त्याच्या बँकेला विचारायचं की काही क्वेरी आलीय का, आणि इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग लगेच द्यायचं. पेमेंट माल घेणाऱ्याच्या ऐवजी त्याच्या भावाच्या कंपनीतून आलं असेल तर हा त्रास जवळजवळ नक्की, दुबईत हे फार चालतं, आधीच सांगून ठेवा की इनव्हॉइसवरच्याच नावाने पाठवा.

घाई करून बायरला "कॅन्सल करून परत पाठव" असं मात्र सांगू नका. कॅन्सलची विनंती गेली की आधीचं पेमेंट जिथे असेल तिथे थांबतं, परत यायला मूळ पेमेंटपेक्षा जास्त वेळ लागतो, चार्ज कापूनच येतं, आणि तेवढ्यात बायरने दुसरं पेमेंट पाठवलं असेल आणि पहिलंही पोचलं तर मग जास्तीचे परत करायचे कागद वेगळे. खाते नंबरातली चूक असेल तर बहुतेकदा दुरुस्तीचा मेसेज पुरतो, ती मागणी मात्र पाठवणाऱ्या बँकेनेच करायची असते.

एक प्रश्न प्रत्येक वेळी येतोच, की आमच्या रत्नागिरीच्या पाहुण्याचे दुबईहून पाठवलेले पैसे त्याच्या घरी दोन तासात येतात, मग आमचेच का रखडतात? कारण तो रस्ता वेगळा आहे. तो एक्स्चेंज हाउसमधून पाठवतो, आणि त्या एक्स्चेंज हाउसचं भारतीय बँकेत आधीच रुपयांचं खातं असतं, भारतीय बँकेच्या दृष्टीने ते व्होस्ट्रो. त्यात रुपये आगाऊ भरून ठेवलेले असतात. पाहुण्याने तिकडे दिरहम दिले की इकडे त्या खात्यातून रुपये काढून एनईएफटी किंवा आयएमपीएसने घरच्या खात्यात टाकतात, न्यूयॉर्कचा संबंधच येत नाही, एका वहीतून काढून दुसरीकडे. व्होस्ट्रो भरण्याचा मोठा व्यवहार मागे घाऊक चालू असतो, तो पाहुण्याला दिसत नाही एवढंच. तो रस्ता मुख्यतः घरखर्चाच्या पैशांसाठी, एक्स्पोर्टच्या बिलाला बँकेला विचारल्याशिवाय वापरू नका. रिझर्व्ह बँकेने जुलै 2022 मध्ये व्यापारासाठीही रुपयातल्या खास व्होस्ट्रो खात्यांची सोय केली, त्यात इनव्हॉइसच रुपयात करायचं असतं आणि परदेशी बँकेच्या इथल्या खात्यातून पैसे मिळतात, पण त्यासाठी बायरच्या बँकेचं असं खातं इथे असायला हवं आणि बायरला रुपयात सौदा करायला पटायला हवं, बेदाण्यात तरी मला असे बायर फार भेटलेले नाहीत.

सगळं करून, कोड घेऊन, नोस्ट्रोला जमा झाल्याची तारीख हातात असून बँक रुपये देत नसेल तर ब्रँच मॅनेजरला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत तीनच गोष्टी लिहा: यूईटीआर, नोस्ट्रोला जमा झाल्याची तारीख, आणि तुम्ही कागद दिल्याची तारीख. 30 दिवसात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे cms.rbi.org.in वर टाकता येतं. माझा अनुभव असा की नोस्ट्रोची तारीख लिहिलेलं पत्र दिसलं की प्रकरण तिथपर्यंत जातच नाही, फॉरेक्स सेलमधून दुसऱ्या दिवशी फोन येतो.

कोणाचं पेमेंट आत्ता अडकलं असेल तर स्टेटस कोड आणि `71A` मध्ये काय आहे ते लिहा, बघून सांगतो. खाते नंबर आणि पूर्ण यूईटीआर इथे टाकू नका.